परांचीसाठी बांबू मोजताना या चुका टाळा

घराची एक भिंत रंगवायची होती, 30 फूट लांब आणि 20 फूट उंच. कागदावर हिशेब केला आणि 22 बांबू मागवले. रंगाऱ्याने ढिगाकडे पाहिलं आणि विचारलं, “बाकीची गाडी कधी येणार?” शेवटी 46 लागले. हिशेबात भागाकार बरोबर होते, भागायचं काय हेच चुकलं होतं.

पहिली चूक म्हणजे गाळे मोजणं आणि त्यालाच उभे बांबू समजणं. दर 6 फुटांवर एक उभा, म्हणून 30 भागिले 6, असे 5 धरले. पण 5 गाळ्यांना 6 उभे लागतात. भिंतीत भोकं पाडायची नसतील तर ओळी दोन हव्यात, एक भिंतीपासून फूटभर आणि दुसरी तिच्यापुढे 3 फुटांवर. म्हणजे 10 नव्हे, 12.

दुसरी चूक जास्त महाग पडते. 20 फुटी बांबू 20 फूट कामाला येतो असं आपण धरून चालतो. त्यातले 2 फूट खड्ड्यात जातात. वरचा शेंडा बारीक, त्यावर भार टाकता येत नाही. सर्वात वरची फळी 15 फुटांवर ठेवली की माणसाचा हात भिंतीच्या माथ्याला पोचतो, पण कठडा तिच्या 3 फूट वर, म्हणजे नेमका शेंड्याशी येतो. म्हणून बाहेरच्या ओळीतल्या सहाही बांबूंना जोड द्यावा लागतो. त्यासाठी आणखी 6 बांबू निम्मे कापायचे, बुडख्याकडचा अर्धा 12 फुटांपासून वर बांधायचा. खालच्या बांबूला तो 6 फूट लगटून राहतो आणि तीन ठिकाणी आवळला जातो. शेंड्याकडचे तुकडे मधल्या कठड्याला चालतात. आतल्या ओळीला जोड लागत नाही.

आडव्या बांबूंचंही तेच. 30 फुटांना दीड बांबू हा हिशेब कागदावरच. दोन बांबूंची टोकं दोन उभ्यांना ओलांडून एकमेकांवर आली पाहिजेत, म्हणून ओळीला पूर्ण 2 लागतात. 5, 10 आणि 15 फुटांवर दोन्ही बाजूंना आडवे, वर बाहेरून एक कठडा, म्हणजे 7 ओळी आणि 14 बांबू. फळ्यांखालच्या आडकाठ्या मी 3 फुटांच्या धरल्या होत्या. त्या ओळींच्या बाहेर जरा निघाल्या नाहीत तर गाठ सरकून काठी निसटते. 5 फुटांच्या 23 लागतात. बारीक शेंडा सोडला तर एका बांबूतून 3 निघतात, म्हणून 8 बांबू. उरले तिरके कैचीचे 4, आणि परांची घराला धरून ठेवायला 2. हे दोन मी साफ विसरलो होतो. खिडकीच्या आतून बांबू आडवा लावून त्याला परांची बांधतात. गजांना बांधू नका. आवक मालात चिरलेले, वाकडे, भुंगा लागलेले निघतात (ठोकल्यावर पिवळी भुकटी गळते), म्हणून वर 5 जास्त सांगा.

दोरीचा अंदाज कुणी करतच नाही, “दोन गुंडाळ्या आण” म्हणतात. गाठी मोजा. आमच्या परांचीत उभे-आडवे मिळून 48, आडकाठ्यांच्या दोन्ही टोकांच्या 46, जोडांच्या 32, कैची आणि खिडकीच्या 20, अशा जवळपास 146 झाल्या. 3 इंची बांबूवर चार वेढे, मधून दोन आवळवेढे आणि शेवटची गाठ यांना साधारण 10 फूट दोरी जाते. म्हणजे साडेचारशे मीटरच्या आसपास, तुटफूट धरून 500. दोरी किलोवर मिळते, तेव्हा 10 मीटर तोलून वजन काढा. खात्रीसाठी एक गाठ मारून, सोडून फुटपट्टीने मोजाच, तुमचा बांबू जाड असला तर सगळा आकडा बदलतो.

परांची बांधून झाल्यावर डगमगली तर आधी कैची पाहा. गाळे हिऱ्यासारखे तिरपे होत असतील तर कैची कमी आहे किंवा तिची गाठ उभ्यावर नाही. आडवा हळूहळू खाली सरकत असेल तर गाठ पेराच्या लगेच वर घ्या, पेर आडवं येऊन ती थांबते. गुळगुळीत सालीवर नायलॉनची दोरी घसरते, काथ्याची पकड चांगली. मात्र हिरवा बांबू वाळला की बारीक होतो, भिजून आवळलेली दोरीही सुकल्यावर सैल पडते. म्हणून रोज सकाळी चढण्याआधी गाठींवर हात फिरवायचा. फरशीवर खड्डा खणता येत नसेल तर बुडाखाली फळी द्या आणि जमिनीलगत आणखी एक आडवी ओळ धरा, म्हणजे दोन बाजूंचे 4 बांबू वाढले.

हा हिशेब रंगारी आणि रंगाच्या बादलीपुरता आहे. फळीवर विटा किंवा वाळू चढणार असेल, किंवा घर दोन मजल्यांहून उंच असेल, तर बांबू मोजत बसू नका. परांची बांधणाऱ्या कारागिराला बोलवा.