‘तुम्हाला कोणता प्रश्न सोडवायचा आहे?’ : उत्तरात दुष्काळ किती घ्यायचा?

फेलोशिपच्या अर्जात हा प्रश्न आला की आपल्याकडची दहातली आठ पोरं लिहितात, ‘मराठवाड्याचा दुष्काळ’. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा प्रश्न खरा आहेच. पण तीनशे शब्दांत मांडायला तो फार मोठा.

आधी पहिला कच्चा मसुदा लिहून काढा आणि ‘मराठवाडा’च्या जागी ‘विदर्भ’ घालून वाचा. काहीच बिघडलं नाही, तर आवाका मोठा झाला आहे. दुसरी खूण म्हणजे वाक्यांचा कर्ता. ‘शासनाने करावे’, ‘शेतकऱ्यांनी करावे’ असंच येत असेल, तर त्यात तुम्ही कुठेच नाही.

मग खाली उतरा: दुष्काळ, त्यातलं पिण्याचं पाणी, त्यात आपलं गाव, गावातली शाळा. उतरताना स्वतः पाहिलेला एक दिवस धरा. समजा, मार्चमध्ये शाळेचा हापसा आटतो, टँकर येतो तो वस्तीवर, आणि मधल्या सुट्टीत पोरं पाण्यासाठी घरी गेली की काही परततच नाहीत. इथे थांबा आणि हिशेब करा.

दीडशे मुलं, प्रत्येकी 3 लिटर, म्हणजे रोज 450 लिटर. मार्च-एप्रिलचे शाळेचे दिवस 45 धरले तर 20,250 लिटर. आता छत बघा. 20 मीटर लांब, 7 मीटर रुंद, म्हणजे 140 चौरस मीटर. एक मिलिमीटर पावसात एका चौरस मीटरवर एक लिटर पडतं. गळती-सांडणी वजा जाता 80 टक्के हाती येतं असं धरलं तर मिलिमीटरमागे 112 लिटर. एवढं पाणी साठवायला सुमारे 180 मिलिमीटर पाऊस पुरतो. म्हणजे पन्हाळ, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायची सोय आणि एकवीस-बावीस हजार लिटरची झाकलेली टाकी. हिशेब बसला, की आवाकाही बसला. नसता बसला, तर आणखी एक पायरी खाली.

फार खाली मात्र जाऊ नका. ‘शाळेत दोन माठ ठेवणार’ हे एका दुपारचं काम. बाजारातून एक वस्तू आणून जे संपतं, त्याला अर्ज कशाला?

मोठा दुष्काळ पुसून टाकायचा नाही. सुरुवातीला दोन वाक्यं त्याला द्या, बाकी जागा शाळेला. शेवटी मर्यादाही लिहा: हे पाणी फक्त पिण्यापुरतं, संडासासाठी नाही, आणि तपासल्या-शुद्ध केल्याशिवाय मुलांना द्यायचं नाही. पुष्कळांना वाटतं, यानं अर्ज पडेल. उलट, निवडणारे मुलाखतीत नेमकं हेच विचारतात, आणि मग टाकी दरवर्षी धुणार कोण, याचंही उत्तर लागतं.