तिळाचा फोटो मोजपट्टीसह काढा
नागपूरच्या उन्हाळ्यात दुपट्टा बांधूनच बाहेर पडावे, कारण अतिनील किरणांमुळे त्वचेच्या पेशींतील डीएनएची होणारी हानी वर्षानुवर्षे साचत जाऊन कर्करोगाचा धोका वाढवते. अंगावरचा तीळ कर्करोगाचा तर नाही ना, हे तपासताना एबीसीडीई नियमानुसार दोन्ही अर्धे न जुळणे, वेड्यावाकड्या कडा, अनेक रंग, 6 मिलिमीटरहून मोठा व्यास आणि होत जाणारा बदल पाहावा. शेवटची खूण मला सर्वांत मोलाची वाटते. म्हणून दरमहा शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावा. गेल्या महिन्यातला 4 मिलिमीटरचा तपकिरी तीळ आज 5 मिलिमीटरचा होऊन एका कडेला काळा पडला असेल, तर 6 ची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. सावळ्या त्वचेत मेलेनोमा हा त्वचेचा गंभीर कर्करोग अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली, म्हणजे ऊन फारसे न लागणाऱ्या जागी होतो. तिथेही नजर टाकावी.