केस विरळ होतायत? आधी डोक्याची मागची बाजू बघा

चाळिशी-पन्नाशीतले पुरुष केसांची तक्रार घेऊन येतात तेव्हा बरेचदा पुडीत गळलेले केस बांधून आणतात. मोजलेलेही असतात. "डॉक्टर, आज एकशे दहा निघाले." मी पुडी बाजूला ठेवते आणि त्यांना पाठमोरं बसायला सांगते. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं केस बघताना एक गोष्ट पक्की कळली आहे. या वयातल्या केसांबद्दलचा पहिला प्रश्न डोक्याच्या मागच्या भागाला विचारायचा असतो, आणि उपचारांतल्या बहुतेक चुका तो न विचारल्यामुळेच होतात.

चूक पहिली: गळलेले केस मोजत बसणं

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले रोज पन्नास ते शंभर गळणं हा नेहमीचा व्यवहार आहे. एकशे दहा निघाले म्हणून टक्कल पडतंय असं ठरत नाही, आणि तीसच निघाले म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही. अनुवंशिक टकलात खरं नुकसान गळण्यातून होतच नाही, बारीक होण्यातून होतं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं हार्मोन बनतं. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरची आणि भोवऱ्याजवळची मुळं त्याला संवेदनशील असतात. जुना केस गळून नवा उगवण्याच्या दर फेरीत त्या मुळातून आधीपेक्षा बारीक, आखूड आणि फिकट केस येतो. काही वर्षांनी उरते ती नुसती लव. केसांची संख्या फारशी कमी झालेली नसते, पण टाळू दिसायला लागतो.

डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या मुळांवर डीएचटीचा असा परिणाम जवळपास होत नाही. म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या माणसालाही मागे केसांचा पट्टा उरतो. तुलना करायला हाच पट्टा कामाला येतो.

वयामुळे होणारा बदल वेगळा असतो. तो कुठल्याही एका जागी थांबत नाही. पुढे, मागे, कानांवर सगळीकडे केस थोडे बारीक होतात, आणि एका छिद्रातून तीन-चार केस येत होते तिथे एक-दोनच येऊ लागतात. कपाळाची रेघ मात्र जागची फारशी हलत नाही. हा बदल बहुतेकांमध्ये साठीनंतर ठळक होतो, पण त्याची सुरुवात आधीच झालेली असते. त्यामुळे पन्नाशीत दोन्ही गोष्टी एकाच डोक्यावर सापडणं अगदी नेहमीचं आहे.

घरी बघायचं ते असं. केस कोरडे असताना भोवऱ्याजवळ बोटांनी एक भांग पाडा आणि तसाच एक भांग मागे, कानांच्या रेषेत पाडा. घरातल्या कुणाला तरी दोन्हींचे फोटो त्याच उजेडात, तितक्याच अंतरावरून काढायला सांगा. वरचा भांग रुंद आणि मागचा अरुंद दिसला तर अनुवंशिक टकलाची शक्यता जास्त. दोन्ही सारखेच रुंद दिसले तर वयाचा, किंवा सगळीकडे गळतीचा विचार करावा लागतो. नंतर वरच्या भांगाकडे बारकाईने बघा. जाड केसाशेजारी एखादा सुतासारखा बारीक, त्याच्या बाजूला आणखी बारीक, अशी सरमिसळ दिसली तर ती अनुवंशिक टकलाची खूण आहे. वयामुळे बारीक झालेले केस एकमेकांच्या मानाने बरेचसे सारखे असतात. दवाखान्यात आम्ही डर्मोस्कोपखाली हेच बघतो, फक्त कित्येक पट मोठं करून.

चूक दुसरी: तीन महिन्यांपूर्वी काय झालं ते विसरणं

बावन्न वर्षांचे एक गृहस्थ असेच पुडी घेऊन आले होते. महिनाभर केस हातात येत होते. त्यांनी स्वतःच मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध आणून लावायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत गळती आणखी वाढली, म्हणून घाबरून पाचव्या आठवड्यात बंद केलं.

मी त्यांच्या कानावरचे पन्नास-साठ केस चिमटीत धरून हलकेच ओढले. सात-आठ सहज हातात आले. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा मणी होता. इतक्या केसांतले सहाहून जास्त असे निघाले तर गळती चालू आहे असं धरतो, आणि ती डोक्याच्या बाजूलाही दिसत असेल तर ती अनुवंशिक टकलाच्या जागेपुरती नाही. मग विचारलं, की दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? दहा दिवस जोरात ताप, त्यात सहा किलो वजन उतरलं होतं. मोठा ताप, शस्त्रक्रिया, झपाट्याने उतरलेलं वजन, एखादं नवीन औषध यांमुळे बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. माणूस तोवर आजार विसरलेला असतो, म्हणून दोष शांपूला, पाण्याला, टोपीला जातो. कारण गेलं की अशी गळती बहुधा आपोआप थांबते आणि केस परत येतात.

या गृहस्थांच्या भोवऱ्याजवळ मात्र जाड-बारीक सरमिसळही होती. म्हणजे जुनं अनुवंशिक टक्कल हळूहळू चालूच होतं आणि त्यावर तापाची गळती येऊन पडली होती. मी शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइड यांची तपासणी केली, दोन्ही ठीक निघाले. फोटो काढून ठेवले आणि तीन महिने औषधाविना थांबायला सांगितलं. गळती थांबली, बाजूचे केस भरले, भोवरा तसाच राहिला. उपचार कशावर करायचा ते तेव्हा स्वच्छ दिसलं.

जाता जाता एक सांगते. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी तसं सांगा. त्यामुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनचे आकडे चुकीचे येऊ शकतात. बायोटिनची कमतरता नसलेल्या माणसाच्या केसांना त्यातून फायदा झाल्याचा चांगला पुरावा नाही.

चूक तिसरी: औषध लवकर सोडणं

पाच टक्के मिनॉक्सिडिलचं द्रावण दिवसातून दोनदा, दर वेळी एक मिलिलिटर, कोरड्या टाळूवर लावायचं असतं. केसांना चोपडून उपयोग नाही, ते कातडीपर्यंत जायला हवं. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढू शकते, कारण विश्रांतीतले जुने केस ढकलून नवे येऊ लागतात. बरेच जण नेमके तिथेच थांबतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि लावणं बंद केलं की मिळालेला फायदा काही महिन्यांत ओसरतो. म्हणजे हे वर्षानुवर्षं चालवायचं काम आहे, आणि ते झेपेल का याचा विचार पहिली बाटली आणण्याआधीच करावा. द्रावणाने टाळू खाजत किंवा लाल होत असेल तर फोम वापरून बघता येतो. आरशात रोज बघून फरक कळत नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी त्याच जागी, तितक्याच लांबीच्या केसांचा फोटो काढावा.

फिनास्टराइडची एक मिलिग्रॅमची रोजची गोळी डीएचटी कमी करते. अनुवंशिक टक्कल थोपवण्यासाठी ती चांगली आहे, भोवऱ्यावर विशेष. पण बदल फक्त वयाचा असेल तर तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये, कारण तिथे डीएचटी हे मूळ कारण नसतं. काही पुरुषांना कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, मन उदास होणं असे त्रास होतात. आत्महत्येचे विचार आल्याच्याही नोंदी आहेत. ही शक्यता गोळी सुरू करण्याआधी घरच्यांनाही सांगून ठेवावी. माणूस गप्प-गप्प झाला तर ते त्याच्याआधी त्यांच्या लक्षात येतं. असं काही जाणवलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.

चूक चौथी, आणि पन्नाशीतली सगळ्यात महागडी: ही गोळी लपवणं

केसांची गोळी सांगायला पुरुष लाजतात. पण फिनास्टराइडमुळे पीएसए या, प्रोस्टेटच्या कर्करोगाचा अंदाज घ्यायच्या रक्ततपासणीचा आकडा साधारण सहा महिने ते वर्षभरात निम्म्यावर येतो. आजार निम्मा झालेला नसतो, फक्त आकडा. म्हणून गोळी चालू असणाऱ्याचा पीएसए दुप्पट करून वाचावा लागतो.

त्याच गृहस्थांचं उदाहरण घ्या. गोळी सुरू करण्याआधी मी त्यांचा पीएसए करून घेतला होता, २.४ आला. पुढे वर्षभराने दुसरीकडे त्यांनी वार्षिक तपासणी केली, तिथे २.२ आला. प्रयोगशाळेच्या हिशेबात ४ पर्यंत चालतं, म्हणून अहवालावर 'सामान्य' असं छापून आलं. तिथे त्यांनी गोळीचा उल्लेख केला नव्हता. खरं तर गोळीमुळे आकडा १.२ च्या आसपास यायला हवा होता. २.२ म्हणजे दुप्पट करून ४.४, वर्षभरात झालेली वाढ. मी त्यांना लगेच मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पुढच्या तपासण्यांत कर्करोग निघाला नाही, प्रोस्टेटला सूज होती. पण माझ्याकडे आधीचा आकडा नसता तर ही वाढ कुणाच्याही नजरेला पडली नसती. गोळी चालू असताना पीएसए सर्वात खाली जाऊन परत चढू लागला, तर तो ४ च्या आत असला तरी तपासावा.

चूक पाचवी: मागचा भाग न तपासता रोपण करणं

केस रोपणात नवे केस तयार होत नाहीत. मागचे काढून पुढे लावतात, आणि मागून काढलेलं मूळ तिथे परत येत नाही. तरुण माणसाचा मागचा पट्टा दाट असतो. पन्नाशीत वयाचा बदल त्या पट्ट्यालाही लागलेला असू शकतो. तिथले केसच बारीक झाले असतील तर पुढे लावलेलेही बारीकच दिसतील, आणि मागे टाळू उघडा पडेल तो वेगळाच. लावलेल्या केसांच्या आजूबाजूचे जुने केस मात्र आपल्या गतीने विरळ होत राहतात, म्हणून रोपणानंतरही औषधं बरेचदा चालू ठेवावी लागतात. अंतिम रूप दिसायला वर्ष लागतं.

रोपणाची तारीख घेण्याआधी मागचे केस दोन सेंटीमीटरपर्यंत कापून दोन आरशांत बघा. कातडी सहज दिसत असेल तर सर्जनकडे दर चौरस सेंटीमीटरला किती केस आहेत आणि त्यांतले किती बारीक आहेत हे मोजून मागा. असं मोजून न देणाऱ्या ठिकाणी माझ्या रुग्णांना मी पाठवत नाही. आणि टाळूवर कुठेही आग होत असेल, मुळाभोवती लाली दिसत असेल, किंवा केसांची छिद्रंच नाहीशी होऊन कातडी गुळगुळीत चकाकत असेल, तर रोपणाचा विषय बाजूला ठेवा. व्रण करणाऱ्या आजाराची ती लक्षणं असू शकतात. त्यात गेलेली मुळं परत येत नाहीत, म्हणून महिनाभर थांबून बघण्याऐवजी त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.