मार्चमध्ये नफा बारा लाख आणि कॅश उणे पंचवीस: कूलरच्या कारखान्यातलं माझं पहिलं बजेट

बी.कॉम.नंतर माझी पहिली नोकरी नागपूरजवळच्या एका कूलर कारखान्यात अकाउंट्स विभागात लागली. नोव्हेंबरमध्ये साहेबांनी पुढच्या सीझनचं बजेट करायला सांगितलं. कॉलेजात विक्रीचं बजेट, उत्पादनाचं बजेट आणि कॅश बजेट अशी तीन वेगवेगळी गणितं सोडवली होती. ती तिन्ही एकाच दोरीला बांधलेली असतात, हे मात्र कारखान्यातच कळलं. ज्यांना हे काम पहिल्यांदा करायचं आहे त्यांच्यासाठी ते सगळं लिहिते आहे. आकडे सोपे करून घेतले आहेत, घडलं ते तसंच आहे.

सुरुवात विक्रीपासून. डीलर आणि सेल्सच्या माणसांशी बोलून महिन्यांचे आकडे ठरले: जानेवारीत २०० कूलर, फेब्रुवारीत ६००, मार्चमध्ये १५००, एप्रिलमध्ये २००० आणि मे महिन्यात १२००. जून धरला २००. डीलरला भाव ५,००० रुपये.

आता उत्पादन. नवखा माणूस इथे विक्रीचाच आकडा उत्पादनात उतरवतो. पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डीलरने माल मागितला आणि गोदाम रिकामं असलं, तर तो शेजारच्या कारखान्यात जातो. म्हणून आमचा नियम होता की पुढच्या महिन्याच्या विक्रीच्या ४० टक्के तयार माल महिनाअखेरीस गोदामात हवाच. त्यामुळे सूत्र असं: महिन्याची विक्री, अधिक महिनाअखेरीस हवा तो साठा, वजा महिन्याच्या सुरुवातीचा साठा. मार्चसाठी १५०० अधिक ८०० वजा ६००, म्हणजे १७००. याच हिशेबाने जानेवारीत ३६०, फेब्रुवारीत ९६०, एप्रिलमध्ये १६८० आणि मे महिन्यात ८०० कूलर करायचे.

कागद घेऊन मी शॉपफ्लोअरवर गेले. सुपरवायझर काकांनी मार्चच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, पत्रा वाकवायचं मशीन एकच आहे. महिन्याला चौदाशेच्या वर एक नग निघत नाही." पुस्तकात ज्याला मर्यादा घटक म्हणतात तो हाच. बहुतेक ठिकाणी विक्री हीच मर्यादा असते, आमच्याकडे सीझनमध्ये ते मशीन होतं. मार्चचे जास्तीचे ३०० आणि एप्रिलचे २८० नग आधीच्या महिन्यांत सरकवावे लागले. जानेवारी ५००, फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल प्रत्येकी १४००, मे ८००. बेरीज ५५००, म्हणजे पाच महिन्यांच्या विक्रीइतकीच. ही बेरीज जुळते का ते दर वेळी बघा. जुळली नाही तर सुरुवातीच्या आणि अखेरच्या साठ्यातला फरक ती समजावून देतो का, ते तपासा.

इथपर्यंत सगळे खूश होते. कॅश बजेट मांडलं आणि चित्र बदललं.

एका कूलरला ३,५०० रुपयांचा माल लागतो: पत्रा, मोटर, पंप, ताट्या. ज्या महिन्यात वापरायचा त्याच महिन्यात तो घ्यायचा आणि पैसे पुढच्या महिन्यात द्यायचे. मजुरी नगाला ५०० रुपये, त्याच महिन्यात. इतर रोख खर्च महिन्याला ३ लाख. डीलरचे पैसे विक्रीच्या पुढच्या महिन्यात. डिसेंबरची विक्री आणि उत्पादन प्रत्येकी १०० नग. जानेवारीच्या सुरुवातीला बँकेत २५ लाख. (जीएसटी इथे सोडला आहे. प्रत्यक्षात त्याची ओळ वेगळी ठेवा, कारण डीलरने पैसे दिलेले नसले तरी महिन्याच्या विक्रीवरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो.)

| लाख रुपये | जाने. | फेब्रु. | मार्च | एप्रिल | मे |
|---|---|---|---|---|---|
| सुरुवातीची शिल्लक | २५ | २१ | ३.५ | –२५.५ | –९.५ |
| डीलरकडून जमा | ५ | १० | ३० | ७५ | १०० |
| मालाचे पैसे | ३.५ | १७.५ | ४९ | ४९ | ४९ |
| मजुरी | २.५ | ७ | ७ | ७ | ४ |
| इतर खर्च | ३ | ३ | ३ | ३ | ३ |
| अखेरची शिल्लक | २१ | ३.५ | –२५.५ | –९.५ | ३४.५ |

मार्चचा रकाना नीट बघा. त्या महिन्यात १५०० कूलर विकले जातात, प्रत्येकामागे हजार रुपये सुटतात, ३ लाखांचा खर्च वजा करून बारा लाखांचा नफा दिसतो. त्याच महिन्याच्या अखेरीस बँकेत पंचवीस लाखांचा खड्डा. आमची कॅश क्रेडिटची मर्यादा २० लाखांची होती, म्हणजे साडेपाच लाख कमी पडत होते. कारण उत्पादनाच्या बजेटमध्ये आहे: फेब्रुवारीतच १४०० नगांचा माल घेतला आणि त्याचे ४९ लाख मार्चमध्ये द्यायचे, तर मार्चमध्ये हाती येतात फेब्रुवारीच्या ६०० नगांचे पैसे.

मग बजेट उलट्या दिशेने फिरलं. उत्पादन पुढे ढकलता येत नव्हतं, मशीन आडवं येत होतं. म्हणून कॅश बजेटने विक्रीच्या अटी बदलायला लावल्या. मार्चमध्ये माल उचलतानाच पैसे देणाऱ्या डीलरला २ टक्के सूट द्यायची ठरलं. वीस टक्के विक्री अशी झाली तर १५ लाखांचे १४.७ लाख मार्चमध्येच हाती येतात, खड्डा १०.८ लाखांवर येतो आणि मर्यादेत बसतो. किंमत तीस हजार रुपये. ती सूट नफ्यातूनही वजा करावी लागते. एकात बदल केला की बाकीच्यांत तो उमटलाच पाहिजे, आणि सगळं जुळलं की शेवटी जो अंदाजित नफा-तोटा आणि ताळेबंद तयार होतो, तेच मास्टर बजेट.

ताळेबंद जुळतो का ते बघायची एक सोपी जागा म्हणजे डीलरकडून येणं. सुरुवातीचं येणं ५ लाख, अधिक पाच महिन्यांची विक्री २७५ लाख, वजा जमा आणि सूट मिळून २२० लाख. उरले ६० लाख, म्हणजे बरोबर मे महिन्याची विक्री. आकडा वेगळा आला तर कुठेतरी साखळी तुटली आहे. माझी एकदा तुटली होती. सेल्सने एप्रिलचा आकडा कमी केला, मी तो विक्रीच्या शीटमध्ये बदलला, पण उत्पादनाच्या शीटमध्ये आकडे हाताने टाइप केलेले होते. दोन दिवस जुन्याच उत्पादनावर मालाच्या ऑर्डरी तयार होत होत्या. तेव्हापासून उत्पादनाच्या रकान्यात आकडा टाइप करत नाही, सूत्रच लिहिते:

```
=Sales!D2 + D4 - D3
```

इथे D4 अखेरचा हवा असलेला साठा आणि D3 सुरुवातीचा. घसारा कॅश बजेटमध्ये घेऊ नका, त्यात पैसा बाहेर जात नाही. कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल मात्र कॅशमध्ये येतं, नफा-तोट्यात येत नाही.

आता नियंत्रणाचा भाग. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, मागणी मंदावली आणि १४०० ऐवजी १३०० कूलरच तयार केले. मालाचा खर्च ४७ लाख आला. बजेट ४९ लाखांचं, म्हणून परचेसने दोन लाख वाचल्याचं सांगितलं. पण १३०० नगांना नगामागे ३,५०० प्रमाणे ४५.५ लाखच लागायला हवे होते. म्हणजे बचत नव्हे, दीड लाख जास्त गेले. आधी बजेट प्रत्यक्ष नगांवर आणायचं आणि मगच तुलना करायची, याला लवचिक बजेट म्हणतात. बिलं काढून बघितली तर एक लाख पंपांवर जास्त गेले होते. नेहमीच्या पुरवठादाराला ऑर्डर उशिरा गेली होती, म्हणून पंप बाजारातून चढ्या भावाने उचलले होते. उरलेले पन्नास हजार पत्र्याच्या कातरणीत होते. नवीन मापाचा साचा लावल्यापासून भंगाराचा ढीग वाढला होता, हे काकांना माहीत होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पंपांचा हिशेब परचेसकडे गेला, पत्र्याचा शॉपफ्लोअरकडे, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साचा दुरुस्तीला पाठवला.