प्रोटीन पावडर घ्यावी का? आधी ताट मोजा, मग डबा वाचा

जिममध्ये नाव घातल्यावर आठवडाभरात कोणीतरी पावडरीचा विषय काढतोच. डब्याची किंमत विचारण्याआधी एक दिवस स्वयंपाकघरातला वजनकाटा हाताशी ठेवा. पावडर म्हणजे दुधातून किंवा कडधान्यातून वेगळं काढलेलं प्रथिन, एवढंच. ताटात कमी पडत असेल तर ती उपयोगी, नाहीतर पैसे वाया.

पहिली पायरी: गरज काढा

आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं. आठवड्यातून तीन-चार दिवस वजनं उचलणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅम धरावं. त्याहून जास्त खाल्ल्याने स्नायू त्या प्रमाणात वाढत नाहीत.

समजा फोंड्यातला ६२ किलोचा मुलगा आठवड्यातून चार दिवस व्यायाम करतो. १.४ ने गुणलं की त्याची गरज रोज ८७ ग्रॅम होते.

दुसरी पायरी: ताट मोजा

वजन कच्च्या जिनसाचं घ्या, कारण शिजल्यावर पाण्याने आकडा फसवा होतो. सकाळी दोन पाव आणि ४० ग्रॅम सुक्या आळसांद्यांचं तोणाक मिळून १७ ग्रॅम. दिवसभरातल्या दोन चहांच्या दुधाचे ३. दुपारी १२० ग्रॅम उकड्या तांदळाचे ९ आणि दोन मध्यम बांगड्यांचे (काटे-डोकं वगळून १५० ग्रॅम मांस) २८. संध्याकाळी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांचे ७. रात्री ८० ग्रॅम तांदळाचे ६, ३० ग्रॅम डाळीचे ७, दोन अंड्यांचे १२. एकूण ८९. या मुलाला पावडरीची काहीच गरज नाही.

आता त्याचा सोमवारचा शिवराक दिवस पाहा. बांगडे आणि अंडी गेली की बेरीज ४९ वर येते, म्हणजे ३८ ग्रॅमची तूट. श्रावणात किंवा जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नुसत्या भात-आमटीवर राहिलं तर हेच रोज होतं. पण ५० ग्रॅम सुके सोया चंक्स तोणाकात घातले की २६ ग्रॅम मिळतात, आणि पाव लिटर दुधाचे ८. बेरीज ८३. राहिलेल्या चार ग्रॅमनी काही बिघडत नाही.

मग पावडर कोणासाठी? ज्याला सोया चालत नाही, जो कामावर बाहेर खातो, ज्या वयस्कर माणसाला जेवणच जात नाही, त्यांची तूट एका स्कूपने भरून निघते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिन वाढवू नका.

तिसरी पायरी: डब्यावरचा हिशेब तपासा

पुढच्या बाजूचे मोठे आकडे सोडा, मागचा तक्ता वाचा. ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिन असेल तर २४ भागिले ३३, म्हणजे ७३ टक्के. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रथिन; चवीच्या व्हे कॉन्सन्ट्रेटला साधारण ७० ते ७८ टक्के हे प्रमाण ठीक आहे. ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर उरलेलं काय, ते घटकांच्या यादीत शोधा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तुम्ही पिठूळ साखरेच्या भावंडाला प्रथिनाचा भाव देताय. मधुमेह असलेल्यांनी इथे जपावं: माल्टोडेक्स्ट्रिन 'साखर' या ओळीत मोजलं जात नाही, 'एकूण कर्बोदकं' या ओळीत दिसतं, पण रक्तातली साखर भराभर वाढवतं.

खरी लबाडी याहून बारीक असते. प्रयोगशाळेत प्रथिन बहुतेक वेळा थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ठरावीक आकड्याने गुणतात. त्यामुळे ग्लायसिन किंवा टॉरिनसारखे स्वस्त नायट्रोजनयुक्त पदार्थ मिसळले की कागदावर प्रथिन वाढतं, स्नायूंना मात्र काही मिळत नाही. ही मिसळ ओळखायला अमिनो आम्लांच्या तक्त्यातलं ल्युसिन पाहा. व्हेच्या प्रथिनात ते साधारण १० ते ११ टक्के असतं, म्हणजे २४ ग्रॅममागे सुमारे अडीच ग्रॅम. डब्यावर दीड ग्रॅमच लिहिलं असेल आणि यादीत ग्लायसिन वेगळं दिलं असेल, तर खरं व्हे प्रथिन १४-१५ ग्रॅमच धरा. हा ताळा फक्त व्हेला लागू पडतो. वाटाणा, तांदूळ वगैरे वनस्पतींच्या प्रथिनात ल्युसिन मुळातच कमी असतं. तक्ताच दिला नसेल तर दुसरा डबा बघा.

छापलेला तक्ताही खोटा असू शकतो. २०२४ साली 'मेडिसिन' या नियतकालिकात भारतातल्या ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात २५ डब्यांवरची प्रथिनाची माहिती चुकीची निघाली. म्हणून त्या बॅचचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल देणारी पावडर घ्या, आणि अहवालातला बॅच क्रमांक आपल्या डब्यावरच्याशी जुळवा. १४ अंकी परवाना क्रमांक foscos.fssai.gov.in वर टाकून पाहा. नाव, पत्ता जुळला नाही तर डबा परत करा. आयात मालावर आयातदाराचा परवाना क्रमांक असायलाच हवा.

घरी एक चाचणी करता येते. चमचाभर पावडर पाण्यात कालवा, आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर पिष्ट मिसळलंय. रंग आला नाही म्हणून पावडर शुद्ध ठरत नाही, कारण ग्लायसिन यात दिसत नाही आणि माल्टोडेक्स्ट्रिनही बहुधा सुटून जातं. जास्त संशय असेल तर अन्नसुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाखाली ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. मात्र तपासणीला देणार हे खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. गोव्यात चौकशी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करा.

चौथी पायरी: गोडी आणि बाकीची भर

बहुतेक चवींत साखरेऐवजी सुक्रालोज (आयएनएस ९५५) किंवा एसेसल्फेम-के (९५०) असतं. कंसातला आकडा म्हणजे घटकांच्या यादीत दिसणारा त्या पदार्थाचा क्रमांक. सुक्रालोजची मान्य मर्यादा दर किलोला रोज १५ मिलीग्रॅम, म्हणजे आपल्या ६२ किलोच्या मुलाला ९३० मिलीग्रॅम. साखरेच्या सहाशेपट गोड असल्याने ते स्कूपमध्ये अगदी थोडं लागतं. त्यामुळे एका स्कूपला घाबरायचं कारण नाही. पण त्यासोबत डाएट कोला आणि शुगर-फ्री बिस्किटंही चालू असतील तर सगळ्याची बेरीज करा. वजन घटवण्यासाठी अशा गोडींवर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं आहे. अॅस्पार्टेम (९५१) फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी टाळावं.

पोटात गुबारा धरत असेल तर आधी माल्टिटॉल (९६५) आणि सॉर्बिटॉल (४२०) ही नावं शोधा, मग दुधातलं लॅक्टोज. लॅक्टोज सोसत नसेल तर आयसोलेट, म्हणजे आणखी गाळून शुद्ध केलेलं व्हे, घ्या, त्यात ते नाममात्र असतं. लेसिथिन (३२२) पावडर पाण्यात मिसळायला मदत करतं, झँथन गम (४१५) दाटपणा देतं. थोडं असेल तर चालतं. पाच-सहा घटकांची बिनचवीची पावडर मिळत असेल तर तीच घ्या. गोडी केळ्याने येते.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत डबा घट्ट बंद ठेवा, ओला चमचा घालू नका. बोटांनी फुटणारी गुठळी नुसत्या ओलाव्याची असते. दगडासारखा गोळा झाला असेल किंवा कुबट वास येत असेल, तर ती पावडर टाकून द्या.