‘सर्व’ या एका शब्दावर घेतलेली हरकत

पूर्वपरीक्षेची पहिली उत्तरतालिका आली तेव्हा मी अभ्यासिकेतच होतो. राज्यघटनेवर दोन विधानांचा प्रश्न होता, अ म्हणजे घटना 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारली आणि ब म्हणजे घटनेतली सर्व कलमं 26 जानेवारी 1950 ला लागू झाली. मी फक्त अ बरोबर धरलेलं, तालिकेत मात्र दोन्ही बरोबर. घोळ ‘सर्व’ या शब्दात आहे, कारण कलम 394 सांगतं की नागरिकत्वाची 5 ते 9, निवडणूक आयोगाचं 324 आणि अजून काही कलमं 26 नोव्हेंबरलाच अमलात आली.

तालिकेवर हरकत घ्यायची ठरवली आणि पुरावा म्हणून मी जोशात क्लासच्या नोट्सचा फोटो काढला, तर रूममेट म्हणाला, "काय बे, नोट्स कोण मानतंय? मूळ पुस्तक लाव." मग हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन घटनेची मराठी प्रत बघितली आणि पदवीचं राज्यशास्त्राचं एक पुस्तकही. नवीन पोरं नुसतं ते एक पान स्कॅन करतात, पण कुठलं पुस्तक, कुठली आवृत्ती हे त्यावरून कळत नाही. म्हणून मुखपृष्ठ, आवृत्ती आणि वर्ष छापलेलं पान, मग 394 चं पान आणि त्या ओळीखाली पेनाने रेघ, अशा क्रमाने एकच पीडीएफ केली. खुलासा चारच ओळींचा लिहिला: विधानात काय म्हटलंय, कलम काय म्हणतं, पान नंबर, आणि म्हणून कुठला पर्याय हवा. पेपर सेटिंगवर राग काढायची जागा ती नाही.

प्रश्न क्रमांक टाकताना मी चुकलोच होतो. माझा संच सी, पण मित्राच्या ए संचातला नंबर टाकला, सबमिट करायच्या आधी दिसलं म्हणून बरं, नाहीतर हरकत भलत्याच प्रश्नावर गेली असती.

हरकतीची फी प्रत्येक प्रश्नासाठी वेगळी भरायची होती. खात्यातून पैसे कटले पण साईटवर पेमेंट पेंडिंगच, आणि बँकेचा मेसेज म्हणजे पावती नव्हे. घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. मी तासाभराने परत लॉगिन केलं तेव्हा पावती आली होती, त्यावरचा व्यवहार क्रमांक जुळवला, पीडीएफच्या शेवटी पावती जोडली आणि मगच सबमिट केलं. हे शेवटच्या संध्याकाळी झालं असतं तर तो तास कुठून आणणार होतो?

एक हिशोब आधी करा. उत्तर बदललं तर ते सगळ्यांसाठी बदलतं आणि प्रश्न रद्द झाला तर तुमचे मिळालेले मार्कपण जातात. अंतिम तालिकेनंतर परत हरकत घेता येत नाही.

अंतिम तालिकेत उत्तर ‘फक्त अ’ झालं. रूममेटने दोन्ही बरोबर टिक केलेलं, त्याचे मार्क गेले. त्या रात्रीच्या चहाचे पैसे मीच दिले.