तपासायला दिलं आणि फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारून आलं? रिव्ह्यूअरला प्रश्न देताना या चुका टाळा

एमएच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी पहिल्यांदा एका सीनियरला पाठवलं तेव्हा सोबत एवढंच लिहिलं होतं, "जरा बघून घे ना, काही चुकलं असेल तर सांग." चार दिवसांनी फाइल आली ती लालेलाल. वेलांट्या, उकार, स्वल्पविराम, ‘दुष्काळग्रस्त’ जोडून लिही, सगळं बारकाईने केलेलं. त्याने दोन रात्री घातल्या असणार त्यात. आणि प्रकरणाचा मुख्य मुद्दा पायातच कच्चा होता, त्याबद्दल एक अक्षर नाही.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. "काही चुकलं असेल तर" म्हटलं की माणूस जे लगेच दिसतं ते धरतो, आणि चुकीची वेलांटी लगेच दिसते. तर्कातली फट दिसायला थांबून विचार करावा लागतो आणि थांबायचं कुठे ते आपणच सांगितलेलं नसतं. म्हणून पहिली चूक हीच, मोघम विनंती.

माझं उदाहरण नीट सांगते, म्हणजे बाकीच्या चुका त्यातच कळतील. विषय होता १९७२ चा दुष्काळ, सांगोला तालुक्यातली तीन गावं. माझं म्हणणं असं की रोजगार हमीच्या कामांमुळे दुष्काळात लोकांनी गाव सोडलं नाही. आधार काय, तर त्या तीन गावांतल्या १४ म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. सगळे सांगत होते, खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली, सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला, पण गावातच राहिलो. मला वाटलं झालं सिद्ध.

दुसरी चूक म्हणजे प्रश्न काढायच्या आधी आपलंच म्हणणं एका वाक्यात न लिहिणं. मी दुसऱ्या वेळेला बसून कागदावर तीन ओळी लिहिल्या: माझा दावा काय, पुरावा काय, आणि या पुराव्यावरून तो दावा का निघतो. पहिल्या दोन ओळी पटकन झाल्या, तिसरीवर पेन अडलं. १४ जण राहिले म्हणून लोक राहिले, हे कशावरून? आणि राहिले ते कामांमुळेच, हे कशावरून? जिथे पेन अडतं किंवा लिहिताना आपण भरभर पुढे गेलेलो असतो, रिव्ह्यूअरला प्रश्न तिथलाच विचारायचा. बहुतेक जण नेमकी ती जागा झाकतात आणि जे प्रकरण आपल्याला पक्कं वाटतं त्यावर मत मागतात, मग "छान झालंय" याच्यापुढे काही येत नाही.

तिसरी चूक, हो-नाहीचे प्रश्न. "पुरावा पुरेसा आहे ना?" असं विचारलं की समोरचा हो म्हणणार, त्या ‘ना’मध्येच उत्तर आहे आणि वर कोणालाच आपल्याला दुखवायचं नसतं. त्यापेक्षा वाचणाऱ्याला काहीतरी करायला द्या. फुली मारा, नाव सांगा, दुसरं कारण शोधा. मी या वेळेला शेजारच्या काकूंना दिलं, त्या निवृत्त शिक्षिका, लहानपण माणदेशातलं, १९७२ ला बारा-तेरा वर्षांच्या होत्या. त्यांना पाठवलेला मेसेज जवळपास असा होता:

"काकू, प्रकरण १८ पानांचं आहे पण तुम्ही फक्त पान ६ ते ११ वाचा. शुद्धलेखन शेवटी दुसरं कोणीतरी बघणार आहे, ते सोडून द्या. माझं म्हणणं एका वाक्यात: कामं निघाली म्हणून लोकांनी गाव सोडलं नाही.
१) या १४ जणांत कोण असायला हवं होतं आणि नाहीये?
२) पान ८ वर मी ‘रोजगार हमी’ म्हटलंय, लोक ‘दुष्काळी कामं’ म्हणतात. तुमच्या आठवणीत हे एकच का? जिथे पटेनासं होतं त्या वाक्यावर फुली मारा.
३) कामांशिवाय गावात राहायचं दुसरं काय कारण असेल?"

आणि फाइल वर्डमध्ये नाही, प्रिंट काढून दिली. वर्ड उघडलं की हात आपोआप शब्द दुरुस्त करायला जातो, कागदावर पेन्सिल घेऊन माणूस समासात लिहितो.

उत्तर दुसऱ्याच दिवशी, चहा पिता पिता. पहिल्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "अगं, जे गेले ते तुला पारावर कसे भेटणार? माझे धाकटे काका बहात्तरलाच भिवंडीला गेले, ते तिकडचेच झाले." मी ज्यांना भेटले ते राहिले म्हणूनच भेटले होते! गाव सोडलेला एकही माणूस माझ्या यादीत येणं शक्यच नव्हतं, मुलाखती १४ च्या ४० केल्या असत्या तरी. दुसऱ्याला त्या म्हणाल्या की तेव्हा हमी-बिमी कोणी म्हणत नव्हतं, आणि ते बरोबरच निघालं. योजना १९७२ ची असली तरी दुष्काळ वाढल्यावर जी प्रचंड कामं निघाली ती मुख्यतः सरकारची दुष्काळ निवारणाची कामं होती, रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. म्हणजे मी नंतरचं नाव आधीच्या कामांना चिकटवलं होतं. तिसऱ्याला त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "घरात म्हातारी माणसं. त्यांना टाकून कोण जाईल?" हे कारण माझ्या अख्ख्या प्रकरणात कुठेच नव्हतं.

आता बघा, काकूंना तोच पहिला मोघम मेसेज गेला असता तर निवृत्त शिक्षिका म्हणून त्यांनीही आधी शुद्धलेखनच तपासलं असतं, आणि भिवंडीचे काका मला कधी कळलेच नसते.

चौथी चूक प्रश्नांच्या संख्येची. एकीला मी उत्साहाने अकरा प्रश्न दिले होते, तिने पहिल्या दोनांची उत्तरं दिली आणि बाकीच्यांना "ठीक वाटतंय". तीन पुरे, फार तर चार, आणि ज्याला जे माहीत आहे तेच त्याला विचारा. ‘मुलाखतीवरून एवढं मोठं विधान करता येतं का’ हा प्रश्न संशोधन पद्धती शिकलेल्याला, आठवणीचा प्रश्न काकूंना.

एवढं करूनही कधी फक्त व्याकरणच सुधारून येतं. तेव्हा रागावू नका, आभार माना आणि दहा मिनिटांचा फोन करा, फाइल बंद ठेवून एवढंच विचारा की "मी यात काय म्हणतेय ते तुझ्या शब्दात सांग आणि का म्हणतेय तेही." समोरच्याने दावा बरोबर सांगितला पण कारण सांगताना अडखळला तर पुरावा आणि दावा यांचा सांधा कागदावर उतरलेलाच नाही. दावाच वेगळा सांगितला तर आधी ते वाक्य दुरुस्त करा, पुराव्याचं नंतर. आणि दोन रिव्ह्यूअरनी एकमेकांच्या उलट सांगितलं तर दोघांनाही विचारा की कुठल्या वाक्याला असं वाटलं, बऱ्याचदा दोघं एकाच ढिल्या वाक्यावर बोट ठेवतात, फक्त उपाय वेगळा सांगतात.

माझं वाक्य शेवटी असं झालं: "गावात राहिलेल्या कुटुंबांच्या आठवणीत दुष्काळी कामं हा मोठा आधार होता." दावा लहान झाला पण १४ मुलाखतींच्या मापात बसला. मग गावातल्या नातेवाइकांकडून नंबर मिळवून भिवंडी आणि पुण्याला गेलेल्या पाच जणांशी बोलले, ते वेगळं उपप्रकरण झालं, आणि ते तपासायला देताना पहिला प्रश्न परत तोच होता: या पाच जणांत कोण नाहीये?